मुलाला मराठी कळतं, पण बोलत नाही? या चुका टाळा

परदेशात किंवा बंगळुरू-दिल्लीकडे राहणाऱ्या मराठी घरांत हे हमखास ऐकू येतं, की पोराला मराठी सगळं कळतं हो, पण उत्तर इंग्लिशमध्येच देतो. अशा वेळी दिवसभर आपण त्याच्याशी काय बोलतो ते एकदा नीट ऐका. ऊठ, ब्रश कर, शूज घाल, जेव पटकन, झोप आता. सगळ्या ऑर्डरीच! त्याला फक्त सांगितलेलं करायचं असतं, तोंड उघडायची गरजच पडत नाही.

कपडे घालतानाचंच घ्या. "शर्ट हवा का?" विचारलं तर मान हलवून काम होतं, त्यापेक्षा दोन्ही शर्ट हातात धरून "लाल घालायचा की निळा?" विचारा. तो "रेड" म्हणाला तरी "हां, लाल घालायचा, हा घे लाल" म्हणून लगेच देऊन टाका. "मराठीत बोल मगच देईन" हे अजिबात नको, लहान मूल त्याने रुसतं आणि गप्प होतं. हे अंगवळणी पडलं की मुद्दाम चूक करा, पायमोजा त्याच्या हातात घाला आणि तुम्ही काही बोलू नका, मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. आपण घाई करून स्वतःच बोलून टाकतो, तिथेच सगळं फसतं. थांबलात तर "हातात नाही, पायात!" यायला लागतं.

गाण्यांचंही तसंच आहे. व्हिडिओ लावून दिला की अख्खं गाणं पाठ होतं, पण त्यातला 'पाऊस' खिडकीबाहेर पडत असताना विचारला तर सांगता येत नाही, कारण त्याच्यासाठी ती नुसती एक चाल असते. म्हणून स्वतः गा, ओळीचा शेवटचा शब्द सोडून थांबा, तो भरू लागला की शब्द बदला, कावळ्याच्या जागी मांजर आणा. खरं मराठी तिथे सुरू होतं. आणि तोच शब्द त्याच दिवशी जेवताना, फिरताना पुन्हा वापरा.

अजून एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. घरात फक्त आईच मराठी बोलत असेल तर मुलगा "मी जाते" म्हणतो, आणि फक्त बाबांकडून ऐकणारी मुलगी "मी आलो" म्हणते (कोल्हापूरकडे बायकाही "मी आलो" म्हणतात, तसं घर असेल तर सोडून द्या). यावर हसू नका, सारखं टोकूही नका. खेळताना आईने सिंह व्हावं, "मी पळालो, मी लपलो" म्हणावं, बाबांनी मनीमाऊ होऊन "मी दमले, मी झोपते" म्हणावं. आजी-आजोबा दोघंही व्हिडिओ कॉलवर असतील तर उत्तमच, फक्त त्यांना आधीच सांगून ठेवा की "हे काय आहे? ते काय आहे?" अशी परीक्षा घेऊ नका, त्यापेक्षा "आज डब्यात पोळी होती की भात?" विचारा.