ओटीटीवरचा सिनेमा गायब झाला? आधी तो कुठून गायब झालाय ते बघा

गेल्या पावसाळ्यात न्यू जर्सीहून दादाचा फोन आला. बाबांचा आवडता जुना मराठी सिनेमा त्याच्या ओटीटीवर आला होता, आणि रविवारी आपण सगळे एकाच वेळी लावू, असं त्याने आईला सांगितलं. इथे बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी तेच ॲप, तेच सबस्क्रिप्शन. मी टीव्हीवर नाव टाकलं, तर काहीच नाही. दादाने पाठवलेली लिंक उघडली, तर पान सापडत नाही असा संदेश. "काढून टाकलाय गं तो," असं मी आईला सांगून मोकळी झाले. ते चूक होतं आणि दोन संध्याकाळी आम्ही उगीच हळहळत बसलो. त्यानंतर अख्ख्या नातेवाईकांत हे शोधायचं काम माझ्याकडेच आलंय. म्हणून जे करते तेच सांगते.

आधी दोन मिनिटांची कामं उरका. प्रोफाइल लहान मुलांचं नाही ना ते पाहा, कारण त्यात मोठ्यांचे सिनेमे दिसतच नाहीत. आणि लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटला तुमची जागा दुसरीच भासवू शकणारी सोय, चालू असेल तर बंद करा. नेटफ्लिक्सला व्हीपीएन लक्षात आलं की ते फक्त जगभराचे हक्क असलेल्या गोष्टी दाखवतं, आणि बाकीचा अर्धा कॅटलॉग डोळ्यांसमोरून निघून जातो. माझा मावसभाऊ घरून काम करतो, त्याला महिनाभर वाटत होतं की जुने हिंदी सिनेमे काढून टाकलेत.

आता हे असं होतंच का, ते थोडक्यात. ओटीटी कंपनी सिनेमा विकत घेत नाही, ती तो दाखवायचा परवाना घेते. त्या परवान्यात कोणत्या देशात, किती काळ आणि कशा प्रकारे हे लिहिलेलं असतं. सबस्क्रिप्शनमध्ये दाखवायचे हक्क वेगळे, भाड्याने द्यायचे वेगळे. भारतात पुष्कळदा टीव्हीचे आणि डिजिटलचे हक्क एकत्र एकाच वाहिनीला विकले जातात, आणि परदेशातले हक्क निर्माता दुसऱ्याच वितरकाला देतो. त्यामुळे मराठी सिनेमा न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका ॲपवर आणि बडोद्यात भलत्याच ॲपवर असणं यात नवल काही नाही. 'फ्रेंड्स' ही मालिका 2019 संपताना अमेरिकेतल्या नेटफ्लिक्सवरून गेली, पण भारतात ती तिथेच राहिली, कारण दोन देशांचे करार वेगळे होते. याउलट 'द डिसायपल' हा मराठी सिनेमा नेटफ्लिक्सने 2021 मध्ये स्वतः जगभर आणला, म्हणून तो दादाकडेही दिसतो आणि आमच्याकडेही.

आता अवघड भाग. इथे मी स्वतः अडकले होते आणि इथेच सगळे चुकतात. "दिसत नाही" याचे अर्थ तीन असतात, आणि पडद्यावर तिन्ही जवळपास सारखेच वाटतात. एक, तो सिनेमा तुमच्या देशासाठी त्या ॲपवर नाही, दुसरीकडे आहे. दोन, त्याची मुदत संपली. तीन, तो तिथेच आहे, पण सबस्क्रिप्शनमधून निघून भाड्याच्या किंवा वेगळे पैसे मागणाऱ्या चॅनलच्या खात्यात गेलाय. नुसत्या नावाने शोधून यातलं कोणतं झालंय ते कधीच कळत नाही. उलट शोध तुमच्यापुढे "यासारखे आणखी" म्हणून वीस दुसरे सिनेमे मांडतो आणि माणूस मूळ प्रश्न विसरतो.

म्हणून नावाच्या मागे लागू नका, लिंकच्या मागे लागा. सिनेमाच्या पानावर शेअरचं बटण असतं, तिथून लिंक कॉपी करा. नेटफ्लिक्सची लिंक अशी दिसते:

```
netflix.com/title/<आकडे>
```

हे आकडे त्या शीर्षकाचा क्रमांक असतात आणि तो सगळ्या देशांत एकच असतो. त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून लांबलचक शेपूट असेल तर ते उडवा. आता हीच लिंक दोन देशांतल्या दोन माणसांनी आपापल्या खात्यात लॉगिन करून उघडायची. दादाकडे प्ले बटण आणि माझ्याकडे "पान सापडत नाही" असं असेल, तर प्रश्न देशाचा आहे. दोघांकडेही पान सापडत नसेल, तर मुदत संपली असण्याची शक्यता मोठी. पान उघडतंय पण पैसे मागतंय, तर सिनेमा तिथेच आहे, फक्त त्याची जागा बदलली. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. मी ती त्या पहिल्या रात्री केली असती तर आईला "काढून टाकलाय" असं सांगितलंच नसतं.

यात एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. नेटफ्लिक्स तुम्ही कुठे बसलाय ते पाहतं, खातं कुठलं आहे ते नाही. दादा दिवाळीत इथे येतो तेव्हा त्याच्या अमेरिकेच्या खात्यातही भारताचाच कॅटलॉग दिसतो. तो इथे असताना "दोन देशांची" परीक्षा केलीत तर ती एकाच देशाची होते आणि निकाल चुकतो. प्राइम व्हिडिओचं गणित वेगळं आहे. तिथे खात्याचा देशही धरला जातो, आणि परदेशात गेल्यावर मोजक्या गोष्टीच चालतात.

दुसरी चूक मला आणखी महागात पडली. कोणता सिनेमा कुठल्या ॲपवर आहे ते सांगणाऱ्या जस्टवॉच या साइटची लिंक दादाने मला पाठवली होती, तिच्यात तो सिनेमा आमच्याच ॲपवर असल्याचं स्पष्ट लिहिलेलं. मी ती वाचली आणि आपल्या टीव्हीतच बिघाड आहे असं धरून बसले. लिंकमध्ये `/us/` होतं. ते त्याच्या देशाचं पान होतं. आपल्यासाठी तिथे `/in/` हवं:

```
justwatch.com/in
```

म्हणून कोणीही पाठवलेली अशी लिंक वाचण्याआधी ती दोन अक्षरं पाहा. आणि खात्री करायला म्हणून जस्टवॉच, मग लेटरबॉक्स्ड, मग टीएमडीबी असं तीन ठिकाणी पाहू नका. लेटरबॉक्स्ड आणि टीएमडीबी या सिनेमांच्या साइट ही माहिती जस्टवॉचकडूनच घेतात. तिघांचं एकमत झालं म्हणजे साक्षीदार तीन झाले असं नाही, साक्षीदार एकच आहे. अशी यादी फक्त कुठे शोधायचं ते सांगते. शेवटचा निर्णय ॲपमध्ये प्ले दाबून होतो, दुसरा मार्ग नाही.

मग आमचा सिनेमा मिळाला कसा? भारताच्या पानावर तो त्या नावाने सापडलाच नाही. मराठी नावांचं रोमन स्पेलिंग ही मोठी अडचण आहे. 'व'साठी कुणी v लिहितं, कुणी w, 'झ'साठी z, zh, jh असं काहीही चालतं. आमच्या सिनेमाच्या नावात 'वा' होता आणि दोन ॲपवर दोन तऱ्हेने लिहिलेला. शिवाय एकाच नावाचे दोन-तीन मराठी सिनेमे सहज निघतात. म्हणून नाव सोडा, दिग्दर्शकाचं नाव टाका आणि सालाने ओळखा. मी दिग्दर्शकाचं नाव टाकलं आणि सिनेमा समोर आला, एका दुसऱ्याच ॲपवर, जे आमच्या फोनच्या रिचार्जसोबत आधीपासून मिळालेलं होतं. तो कधी गेलाच नव्हता. आमच्या ॲपवर भारतासाठी तो कधी आलाच नव्हता.

मुदत खरंच संपली असेल तर वेगळं वागावं लागतं. करार बहुधा महिन्याच्या शेवटी संपतात, म्हणून सगळी उलथापालथ 30-31 तारखेला दिसते. 31 मार्च 2023 ला एचबीओचे कार्यक्रम भारतात डिस्ने प्लस हॉटस्टारवरून निघाले आणि पुढे जिओसिनेमावर आले. मग 14 फेब्रुवारी 2025 ला ते दोन ॲप एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. जे घरातून गेलं ते पुष्कळदा असं शेजाऱ्याकडे सापडतं, म्हणून लगेच आशा सोडू नये. मात्र कंपनीने स्वतःच बनवलेली मालिकाही जाऊ शकते, हे मला बराच काळ पटत नव्हतं. डिस्नेने मे 2023 मध्ये आपली 'विलो' मालिका स्वतःच्याच सेवेवरून काढली. "ओरिजनल आहे, कुठे जाणार" असं म्हणून कोणतीही मालिका अर्धवट ठेवू नका.

आता लक्ष ठेवायचं कसं. जस्टवॉचवर खातं उघडून हवे ते सिनेमे वॉचलिस्टमध्ये टाका आणि सूचना चालू करा. देश भारत निवडलाय ना ते एकदा तपासा. इतकंच.

पण फक्त सूचनेवर विसंबू नका. नेटफ्लिक्सवर एखादी गोष्ट येत्या महिन्यात जाणार असेल, तर तिच्या तपशिलात `Last day to watch on Netflix` असं लिहून तारीख येते. ती तारीख पाहण्याचा शेवटचा दिवस असते, जाण्याचा नव्हे. अडचण अशी की ते पान उघडल्याशिवाय सहसा नजरेला पडत नाही, आणि गेलेलं शीर्षक तुमच्या यादीतूनही गुपचूप निघून जातं. नंतर काय गेलं तेसुद्धा आठवत नाही. डाउनलोड करून ठेवलं तरी उपयोग नाही, हक्क संपले की तेही चालत नाही. म्हणून मी यादी ॲपमध्ये ठेवत नाही, वहीत ठेवते. नाव, दिग्दर्शक, साल, लिंक, कोणत्या देशात कुठे, आणि मी शेवटचं कधी प्ले करून पाहिलं ती तारीख. दर महिन्याच्या 25 तारखेला पाच-सात पानं उघडते. दहा मिनिटं लागतात आणि हातात पाच दिवस उरतात.

कुठेच नसेल तर भाड्याने मिळतो का ते पाहा. प्राइम व्हिडिओवर 2022 पासून भारतात सिनेमे भाड्याने मिळतात. सुरू करायला 30 दिवस मिळतात आणि एकदा सुरू केला की बहुधा 48 तास, म्हणून घरातली सगळी माणसं बसल्याशिवाय प्ले दाबू नका. निर्मात्याच्या अधिकृत यूट्यूब चॅनलवरही एकदा शोधा, जुने मराठी सिनेमे तिथे पुष्कळ आहेत. व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाचा कॅटलॉग उघडायचा सल्ला मी कुणालाही देत नाही. वर सांगितलं तसं त्याने यादी उलट आखूड होते, आणि अटीही मोडतात.

दादाच्या पडद्यावर शेवटची तारीख 31 होती, म्हणजे त्याच्याकडे अकरा दिवस होते. रविवारी इथे संध्याकाळचे साडेसात, तिथे सकाळचे दहा. त्याने त्याच्या ॲपवर लावला, आम्ही आमच्या, आणि फोन स्पीकरवर ठेवला. दोन्हीकडच्या प्रतींत चाळीसएक सेकंदांचा फरक निघाला, कारण इकडे सुरुवातीला वाहिनीची पाटी होती. आईने दादाला थांबवून ठेवलं आणि बाबांच्या आवडीच्या गाण्याला दोन्ही प्रती बरोबर एका ठिकाणी आणल्या.