फोटोवरून कुत्र्याचं सॉफ्ट टॉय शिवताय? तोंडाचा मासा होऊ देऊ नका

शेजारच्या काकूंच्या मोत्याची बाहुली शिवून मी पहिल्यांदा त्यांच्या हातात दिली, तेव्हा त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, बाजूनं मोत्याच आहे गं. पण समोरून मासा दिसतोय!" खरंच होतं ते. डोकं चपटं आणि डोळे दोन्ही गालांवर गेलेले.

चूक फोटोपासूनच सुरू झाली होती. आपण उभ्यानं, वरून, अगदी नाकाजवळ मोबाईल नेऊन फोटो काढतो. त्यात नाक भलं मोठं येतं आणि पाय काडीसारखे. त्या मापानं कागद कापला तर पुढचं सगळं चुकतं. जमिनीवर बसा, मोबाईल कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, सहा-सात फूट मागे सरका आणि झूम करा. एक फोटो समोरून, एक बरोबर बाजूनं, एवढे दोन पुरतात. रंग मात्र फोटोवरून ठरवू नका. सोलापूरच्या नव्या पेठेत कापड घ्यायला जाताना मी मोत्याचे विंचरलेले केस कागदाच्या पुडीत घेऊन गेले होते.

माशाचं खरं कारण मात्र वेगळं. दोन सपाट तुकडे जोडून आत फायबर भरलं की ते फुगतात आणि रुंदीला आखडतात. समजा तुम्हाला चार सेंटिमीटर जाडीचा गोल पाय हवा आहे. त्याचा घेर होतो साधारण साडेबारा. म्हणजे प्रत्येक तुकडा शिलाईपासून शिलाईपर्यंत सव्वासहा सेंटिमीटर रुंद हवा, मार्जिन वेगळं. मी फोटोतलं मोजून चारच घेतलं होतं. पाय अडीच सेंटिमीटरचा झाला, पेन्सिलीसारखा.

डोक्याला तर दोन तुकडे कधीच पुरत नाहीत. नाकाच्या शेंड्यापासून कपाळावरून मानेपर्यंत मधे एक कळी लागते. चेहऱ्याची रुंदी तीच देते. मोत्याच्या कळीला मी नाकाशी दीड, डोळ्यांमधे अडीच, कानांमधे साडेचार आणि मानेशी दोन सेंटिमीटर रुंदी ठेवली. लांबी मात्र अंदाजानं घेऊ नका. डोक्याच्या बाजूच्या तुकड्यावर नाक ते मान दोरा ठेवून वळणावळणानं मोजा, आणि तेही शिलाईच्या रेषेवर, कापलेल्या कडेवर नाही. बाहेरगोल वळणावर कड शिलाईपेक्षा लांब भरते. माझी कळी त्यामुळे सेंटिमीटरभर जास्त झाली आणि कपाळावर चुण्या आल्या. जास्तीची लांबी मानेकडून कापायची, नाकाकडून कधीच नाही. शिवायलाही नाकापासूनच सुरुवात करा, एक बाजू मानेपर्यंत, मग पुन्हा नाकापासून दुसरी.

कापड म्हणाल, तर सोलापुरात टर्किश टॉवेलचं कापड हाताशी आहे, आणि आखूड कुरळ्या केसांच्या कुत्र्याला ते शोभतं. ताणत नसल्यामुळे भरल्यावर पोट सुटत नाही. पण कापलेल्या कडेतून धागे सुटतात. मी अर्धा सेंटिमीटर मार्जिन ठेवलं, तर भरताना काखेत शिवण उसवली. एक सेंटिमीटर ठेवा आणि कडेला झिगझॅग मारा. लांब केसांचा कुत्रा असेल तर फरचं कापड लागेल. ते वरून कात्रीनं कापलं की केसही कापले जातात आणि कड बोडकी होते, म्हणून उलट बाजूनं ब्लेडनं फक्त मागचं कापड कापायचं. केसांची दिशा नाकाकडून शेपटीकडे आणि पायांवर खाली. एकाच थानातली एक बाजू गडद, एक फिकी दिसली, तर एक तुकडा उलटा लागलाय असं समजा. आणि बाजूचा दुसरा तुकडा कापताना कागद पालथा करायचा, नाहीतर दोन्ही डाव्याच बाजू हातात येतात. हसू नका, सगळ्यांचं होतं.

डोळे शेवटी. सपाट कापडावर खूण केली की भरल्यावर ते कानाकडे सरकतात. आधी डोकं घट्ट भरा, काळ्या डोक्याच्या टाचण्या टोचा, फोटो शेजारी धरून चार हात लांबून बघा. मोत्याचे डोळे मी तीनदा हलवले. शेवटी ते कळीच्या शिलाईला लागूनच, नाकाच्या शेंड्यापासून चार सेंटिमीटरवर बसले. मागून चकती लावायचे प्लॅस्टिकचे डोळे असतील तर खूण करून फायबर काढावं लागतं, कारण चकती एकदा दाबली की निघत नाही. घरात तीन वर्षांखालचं मूल असेल तर ते नकोच, काळ्या दोऱ्यानं भरीव टाका घाला. मग दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून एकच मजबूत दोरा आरपार नेऊन किंचित ओढा. खोबणी पडते आणि नजर येते.

काकूंसाठी मी धड तसंच ठेवलं, पण डोकं उसवून नवं शिवलं. मोत्यानं येऊन ते हुंगलं आणि उजवा कान तोंडात धरून पळाला. तो कान आता पुन्हा लावायचाय, यावेळी दुहेरी दोऱ्यानं.