नवी हॅचबॅक की तीन वर्षांची सेडान? घसाऱ्याच्या हिशेबात या चुका टाळा

एकाच किमतीत कोरी करकरीत छोटी हॅचबॅक आणि तीन वर्षं वापरलेली मोठी सेडान समोर आली, की बहुतेक जण एकच वाक्य बोलतात: "सेडानचा घसारा आधीच होऊन गेलाय, आता नुकसान पहिल्या मालकाचं." यात निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं न पाहता केलेला व्यवहार पुढे जड जातो.

आकडे सोपे राहावेत म्हणून आजची किंमत दोन्ही गाड्यांसाठी 100 धरू. सेडान नवी असताना 180 ची होती. तीन वर्षांत तिची किंमत 80 ने उतरली. हे 80 म्हणजे आपली बचत असं समजणं ही पहिली चूक. ते पैसे आपण कधी भरलेच नव्हते, त्यामुळे ते आपल्या हिशेबात येतच नाहीत. आपल्यासाठी प्रश्न एवढाच: आज 100 देऊन घेतलेली गाडी मी विकेन त्या दिवशी कितीला जाईल?

आपण किती वर्षं ठेवणार, हे न ठरवताच तुलना करणे

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हॅचबॅकच्या 100 मधले समजा 10 नोंदणी, कर आणि विम्यात गेले. विकताना ते वेगळे मोजून कोणी देत नाही. उरलेल्या 90 वर पहिल्या वर्षी 20 टक्के आणि पुढे दरवर्षी 12 टक्के घसारा धरू. सेडान मोठी आणि वापरलेली असल्याने तिची घसरण दरवर्षी 14 टक्के धरू. हे दर उदाहरणापुरते आहेत, तुमच्या मॉडेलचे वेगळे असतील.

दोन वर्षांनी विकलं, तर हॅचबॅकचे साधारण 63 येतात आणि सेडानचे 74. म्हणजे सेडानवाल्याचे 11 वाचले. चार वर्षांनी हॅचबॅक 49 वर येते आणि सेडान 55 वर. फरक 6 चा राहिला. आठ वर्षांनी दोन्ही 30 च्या आसपास येतात आणि फरक जवळजवळ संपतो. नव्या गाडीचा मोठा फटका पहिल्या वर्षातच बसतो. गाडी जितकी जास्त वर्षं ठेवाल तितका तो फटका पसरतो. म्हणून "सेडानमध्ये घसारा कमी" हे लवकर विकणाऱ्याच्या बाबतीत खरं आहे, दहा वर्षं गाडी ठेवणाऱ्याच्या बाबतीत फारसं नाही.

घसारा पाहिला, पण 180 ची गाडी विसरलात

गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. टायर, ब्रेक पॅड, शॉक ॲब्सॉर्बर, क्लच, एसीचा कॉम्प्रेसर हे सगळं 180 च्या गाडीच्या दराने घ्यावं लागतं. शिवाय तिसऱ्या ते सातव्या वर्षात टायर, बॅटरी आणि सस्पेन्शनची कामं निघण्याची शक्यता जास्त असते. नव्या हॅचबॅकला सुरुवातीची काही वर्षं वॉरंटी असते, तर सेडानची बऱ्याचदा नेमकी संपत आलेली असते. वरच्या उदाहरणात चार वर्षांत वाचलेले 6 टायरचा एक संच आणि सस्पेन्शनच्या एका कामात सहज जाऊ शकतात. मोठ्या गाडीचं जास्तीचं इंधन अजून धरलेलंच नाही.

आपल्या मॉडेलचा दर कसा काढायचा

ऐकीव टक्क्यांवर जाऊ नका. चार वर्षं ठेवणार असाल, तर त्याच मॉडेलच्या, त्याच इंधनाच्या आणि त्याच गिअरबॉक्सच्या तीन आणि सात वर्षं जुन्या गाड्या आज कितीला मिळतात ते पाहा. सात वर्षांच्या किमतीला तीन वर्षांच्या किमतीने भागलं, की 100 मधले किती उरतील हे कळतं. हॅचबॅकसाठी आजच्या नव्या गाडीच्या एकूण किमतीशी चार वर्षं जुनीची तुलना करा. सगळ्या किमती आजच्याच घ्या. चार वर्षांपूर्वीची नवी किंमत धरलीत, तर मधली भाववाढ मिसळून घसारा खऱ्यापेक्षा कमी दिसेल.

इथे दोन गोष्टींत फसगत होते. जाहिरातीत दिसतो तो मागितलेला भाव असतो. व्यापारी विकत घेताना त्याहून बराच कमी देतो, त्यामुळे वापरलेली सेडान व्यापाऱ्याकडून घेतलीत तर पहिल्याच दिवशी तुमचेही काही पैसे बुडालेले असतात. दुसरी गोष्ट म्हणजे मॉडेलची नवी पिढी. सेडानची पुढची पिढी बाजारात आली, किंवा कंपनीने ते मॉडेलच बंद केलं, तर जुनीचा भाव नेहमीच्या दरापेक्षा जास्त घसरू शकतो. सात वर्षांच्या गाड्या फारच कमी विक्रीला दिसत असतील, तर सेडानचा दर 14 ऐवजी 18 टक्के धरून हिशेब पुन्हा करा. चार वर्षांनी तिचे 55 नाही, 45 येतात, म्हणजे हॅचबॅकपेक्षाही कमी.