राजपत्रातील भूसंपादनाची अधिसूचना मराठीत उतरवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात महामार्गाच्या रुंदीकरणाची किंवा वळणरस्त्याची अधिसूचना निघाली की ती मराठीत करून देण्याची मागणी लगेच सुरू होते. ग्रामपंचायतीचे सदस्य ती मागतात, वकील मागतात आणि ज्यांच्या जमिनी जाणार आहेत ते शेतकरी तर मागतातच. मूळ मजकूर इंग्रजीत आणि हिंदीत असतो, कार्यालयीन व्यवहार कन्नडमध्ये चालतो आणि मराठी अनुवाद बहुधा या तिन्हींकडे एकेक डोळा ठेवून केला जातो. चुका याच सरमिसळीतून होतात. सगळ्या अधिसूचनांविषयी मोघम बोलण्यापेक्षा येथे एकच प्रकार घेतला आहे. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ए खालील, जमीन संपादित करण्याचा इरादा जाहीर करणारी ही अधिसूचना आहे. तिचा साचा जवळजवळ ठरलेला असतो, त्यामुळे एकदा तो नीट बसला की पुढे फक्त तपशील बदलतात.

पहिली अडचण पहिल्याच परिच्छेदात येते, कारण इंग्रजीत तो संपूर्ण परिच्छेद एकच वाक्य असतो. ते वाक्य तोडून चार सुटी वाक्ये करण्याचा मोह होतो. मराठीत ते एक वाक्य म्हणून उभे राहते, फक्त क्रियापद शेवटी जाते हे ओळखून घटकांचा क्रम लावावा लागतो: आधी अधिकार कोठून आला, मग तो कोण वापरतो, मग कशाची खात्री पटली आणि शेवटी काय घोषित केले. बेळगाव–खानापूर–लोंढा मार्गाने गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ७४८ नमुन्यापुरता धरला, तर वाक्य असे होईल:

«राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ (१९५६ चा ४८) (यात यापुढे "उक्त अधिनियम" असा उल्लेख केला आहे) याच्या कलम ३ए, पोट-कलम (१) अन्वये प्रदान करण्यात आलेल्या अधिकारांचा वापर करून, केंद्र सरकार, खालील अनुसूचीमध्ये जिचे संक्षिप्त वर्णन दिले आहे ती जमीन, कर्नाटक राज्याच्या बेळगाव जिल्ह्यातील राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७४८ चे बांधकाम, देखभाल, व्यवस्थापन व परिचालन या सार्वजनिक प्रयोजनासाठी आवश्यक असल्याची खात्री पटल्यानंतर, अशी जमीन संपादित करण्याचा आपला इरादा याद्वारे घोषित करीत आहे.»

राजपत्रातील हिंदी पाठ समोर ठेवून काम करणारा येथे दोन ठिकाणी फसतो. 'धारा' आणि 'उपधारा' यांचे मराठीत 'कलम' आणि 'पोट-कलम' होते, एवढे बहुतेकांना माहीत असते. मात्र हिंदी पाठात शेवटी 'आशय' हा शब्द येतो आणि तो तसाच मराठीत उचलला जातो. मराठीत आशय म्हणजे मजकुराचा गाभा, त्यामुळे 'आपला आशय घोषित करीत आहे' या वाक्यातून वाचकाला काहीच कळत नाही. याच्या उलट टोकाला जाऊन 'जमीन संपादित करण्यात आली आहे' असे लिहिणारेही आहेत, आणि ही चूक अधिक गंभीर आहे. या टप्प्यावर जमीन सरकारकडे गेलेली नसते. ती सर्व बोजांपासून मुक्त होऊन केंद्र सरकारकडे निहित होते ती पुढे कलम ३डी खालील घोषणा प्रसिद्ध झाल्यावर. इराद्याची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात तशी घोषणा झाली नाही, तर ती अधिसूचना निष्प्रभ होते. (न्यायालयाच्या स्थगितीचा काळ त्यात मोजला जात नाही.) जमीन गेलीच असे मराठीत वाचलेला माणूस हरकत घेण्याच्या भानगडीत पडत नाही.

कलमांच्या अक्षरांचा घोळ याहून अवघड आहे, कारण तो वाचताना खटकत नाही. इंग्रजीतील ए, बी, सी, डी यांसाठी मराठीत दोन क्रम रूढ आहेत. एक अ, ब, क, ड असा चालतो आणि दुसरा क, ख, ग, घ असा. पहिल्या क्रमात 'क' म्हणजे सी होतो, दुसऱ्यात 'क' म्हणजे ए. आपल्या अधिसूचनेत नेमकी ३ए आणि ३सी हीच दोन कलमे वारंवार येतात: पहिले इराद्याचे, दुसरे हरकतींचे. त्यामुळे नुसते 'कलम ३क' लिहिले तर कोणते कलम अभिप्रेत आहे हे अक्षरावरून कधीच ठरत नाही. एकाच अनुवादात पहिला परिच्छेद जुन्या नमुन्यावरून आणि दुसरा स्वतःच्या सवयीने केला, तर दोन्ही ठिकाणी '३क' पडू शकते आणि हरकतीचा अर्ज चुकीच्या कलमाखाली लिहिला जातो. सीमाभागात वकील आणि कार्यालये कन्नड-इंग्रजी कागदांवरूनच मेळ घालतात, म्हणून माझे मत असे की येथे ३ए, ३सी, ३डी असाच उच्चारानुसारी लेखनक्रम ठेवावा. तो देखणा नसला तरी निःसंदिग्ध आहे. ज्यांना क-ख-ग क्रमच हवा असेल त्यांनी पहिल्या उल्लेखाशेजारी कंसात इंग्रजी अक्षराचा उच्चार द्यावा आणि पूर्ण मजकुरात तोच क्रम पाळावा.

पदनामांत सर्वाधिक त्रास देणारी जोडी आहे प्राधिकारी आणि प्राधिकरण यांची. अधिसूचनेतील 'कॉम्पिटंट ऑथॉरिटी' ही केंद्र सरकारने नेमलेली व्यक्ती असते, बहुधा विशेष भूसंपादन अधिकारी किंवा प्रांताधिकारी दर्जाचा महसूल अधिकारी. तिच्यासाठी 'सक्षम प्राधिकारी' हाच शब्द योग्य आहे. कन्नड कागदात 'प्राधिकार' असे रूप दिसते आणि त्यावरून अनुवादक 'सक्षम प्राधिकरण' लिहितो. पण आपल्याकडे 'प्राधिकरण' म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण येते, म्हणजे ज्याच्यासाठी जमीन घेतली जात आहे ती संस्था. मग हरकतीचे अर्ज तिच्या प्रकल्प कार्यालयात नेऊन दिले जातात आणि मुदत संपेपर्यंत ते योग्य टेबलावर पोहोचत नाहीत. अनुवादात कार्यालयाचा पूर्ण पत्ता मूळाप्रमाणे द्यावा. पदनाम बरोबर असूनही पत्ता गाळलेला असेल तर परिणाम तोच होतो. 'डेप्युटी कमिशनर' म्हणजे जिल्हाधिकारी, हे बेळगावात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही, मात्र महाराष्ट्रातील परिभाषा कोश उघडून काम करणारा कोल्हापूरचा अनुवादक तेथे 'उपायुक्त' लिहून मोकळा होतो.

आता हरकतींचा परिच्छेद. त्यातील प्रत्येक क्रियापद तोलून घ्यावे लागते. हितसंबंधित व्यक्ती हरकत 'घेऊ शकेल', कारण तो तिचा अधिकार आहे. हरकत लेखी 'केली जाईल' आणि तिच्यात कारणे 'नमूद केली जातील', कारण ती अट आहे. सक्षम प्राधिकारी हरकतदाराला जातीने किंवा वकिलामार्फत म्हणणे मांडण्याची संधी 'देईल', कारण ते त्याच्यावरील बंधन आहे. हरकत मान्य करणे किंवा फेटाळणे हे तो आदेशाद्वारे 'करू शकेल'. विधिविषयक मराठीत बंधनासाठी साधा भविष्यकाळ आणि मुभेसाठी 'शकेल' वापरण्याचा हा संकेत आहे. भाषा अधिक नम्र वाटावी म्हणून कोणी 'संधी देऊ शकेल' असे केले, तर सुनावणी द्यायची की नाही ते साहेबांच्या मर्जीवर आहे असा अर्थ होतो.

याच परिच्छेदात कन्नडमधून येणारे दोन फसवे शब्द आहेत. 'तकरारु' वरून 'तक्रार' लिहिले जाते, पण मराठीत तक्रार ही झालेल्या अन्यायाची असते आणि प्रस्तावित कृतीला घेतली जाते ती हरकत. दुसरा 'विचारणे'. कन्नडमध्ये तो सुनावणीलाही चालतो आणि चौकशीलाही. अधिसूचनेत मात्र दोन्ही गोष्टी वेगळ्या सांगितल्या आहेत: आधी सर्व हरकतींवर सुनावणी, मग आवश्यक वाटल्यास अधिक चौकशी. दोन्हींसाठी 'विचारणा' लिहिले तर सुनावणीचा हक्कच वाक्यातून नाहीसा होतो. तसेच हरकत ही 'उक्त प्रयोजनासाठी जमिनीच्या वापरास' असते. तेथे 'मोबदल्याबाबत' अशी पदरची भर घालू नये, कारण मोबदल्याची कार्यवाही कलम ३जी खाली वेगळी चालते आणि त्यासाठी वेगळी जाहीर सूचना निघते.

मुदतीच्या वाक्यातून 'राजपत्रात' हा शब्द गाळणे ही दिसायला क्षुल्लक चूक आहे. एकवीस दिवस मोजायचे ते राजपत्रातील प्रसिद्धीच्या दिनांकापासून. अधिसूचनेचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यांपैकी एका देशी भाषेतील पत्रात, प्रसिद्ध करावा लागतो आणि ती जाहिरात राजपत्रानंतर काही दिवसांनी येऊ शकते. अनुवादात नुसते 'प्रसिद्धीपासून' असेल तर वाचक वर्तमानपत्राच्या तारखेपासून दिवस मोजतो. राजपत्र सोमवारी ३ तारखेला आणि जाहिरात १२ तारखेला आली, तर त्याचे नऊ दिवस कागदावर वाढतात आणि प्रत्यक्षात बुडतात. वाक्य असे करावे: «ही अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून एकवीस दिवसांच्या आत».

अनुसूचीचा अनुवाद कमी आणि नक्कल जास्त असावी. 'सर्वे नंबर' चा 'गट क्रमांक' करू नये. ती पद्धत महाराष्ट्रातील एकत्रीकरण झालेल्या गावांची आहे, इकडच्या उताऱ्यावर सर्वे नंबर आणि हिस्सा असतो, आणि जुन्या कागदांवर रि. स. नं. असेल तर तेच ठेवावे. जमिनीच्या स्वरूपाच्या रकान्यात 'ड्राय' साठी 'जिरायत', 'वेट' साठी 'तरी' आणि 'गार्डन' साठी 'बागायत' लिहावे. 'ओली जमीन' हा शब्द कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात सापडणार नाही.

क्षेत्राचे एकक मूळात जे असेल तेच राहू द्यावे. लोकांच्या सोयीसाठी अनुवादक हेक्टर आणि चौरस मीटर यांचे गुंठे करतो, आणि नंतर त्याचे आकडे उताऱ्याशी जुळत नाहीत. शिवाय एकर-गुंठ्यांच्या लेखनात एक जुना सापळा आहे. इकडे १ एकर २० गुंठे हे क्षेत्र '१-२०' किंवा '१.२०' असे लिहिले जाते, म्हणजे ते दीड एकर असते, कारण एकराचे गुंठे चाळीस. ते दशांश समजून वाचले तर १ एकर ८ गुंठे होतात आणि बारा गुंठे, म्हणजे सुमारे १,२१४ चौरस मीटर जमीन, कागदावरच गडप होते. शेतकऱ्याला गुंठ्यांत हवे असेल तर अनुसूचीच्या बाहेर वेगळी टीप द्यावी आणि ती अनुवादकाची टीप आहे असे स्पष्ट म्हणावे.

तपासणी करताना अर्थ वाचण्याआधी आकडे वाचावेत. एकाने इंग्रजी प्रतीतील कलमे, तारखा, किलोमीटर, सर्वे नंबर आणि क्षेत्रे क्रमाने उच्चारावीत आणि दुसऱ्याने मराठी प्रतीवर बोट ठेवून होकार द्यावा. त्यानंतर केवळ 'देईल', 'शकेल', 'होईल' ही क्रियापदे त्याच रीतीने पडताळावीत. शेवटी अनुवादाच्या तळाशी, ज्या कार्यालयासाठी तो केला त्याने वेगळे सांगितले नसेल तर, एवढीच ओळ पुरते: «हा अनुवाद माहितीसाठी असून अर्थाबाबत तफावत आढळल्यास राजपत्रातील मूळ मजकूर पाहावा.» तिच्याखाली राजपत्राचा दिनांक आणि अधिसूचनेचा क्रमांक मूळाप्रमाणे लिहावा, म्हणजे मूळ प्रत शोधताना अडचण येत नाही.