फिलेट वेल्ड उलट्या बाजूला आलं, तेव्हा

बेस फ्रेमच्या गसेटला बाहेरून ६ मिमी फिलेट हवं होतं. ते आलं आतून, आणि तिथे बोल्टचा वॉशरच बसेना. चूक माझ्या ड्रॉइंगची होती. वेल्डच्या चिन्हाचा बाण बाहेरच्या बाजूला, फिलेटचा त्रिकोण रेषेच्या वर. पण चिन्ह कोणत्या पद्धतीने वाचायचं ते कुठेच लिहिलं नव्हतं. अमेरिकी एडब्ल्यूएस पद्धतीत वरचा त्रिकोण म्हणजे बाणाच्या विरुद्ध बाजू. फॅब्रिकेटरने तसंच वाचलं.

आता टायटल ब्लॉकजवळ ‘आयएसओ २५५३, पद्धत ए’ लिहितो. त्रिकोण सलग रेषेवर, म्हणजे वेल्ड बाणाच्या बाजूला; तुटक रेषा दुसऱ्या बाजूला. नुसतं ६ न लिहिता `z6` लिहितो, म्हणजे फिलेटचा पाय, त्रिकोणाची बाजू, ६ मिमी. `a6`, म्हणजे घशाची जाडी ६ मिमी, असं वाचलं तर पाय साधारण साडेआठ होतो.

पृष्ठाच्या गुळगुळीतपणासाठी `Ra 3.2` फक्त फ्रेमला वेल्ड केलेल्या पॅडच्या वरच्या पृष्ठावर देतो, सोबत ‘वेल्डिंगनंतर मशीनिंग’. आधी मशीन केलेला पॅड उष्णतेने वाकतो.