हातमोजा काढा, पुन्हा घाला: इशाऱ्यावर चालणाऱ्या गाडीची तयारी

हातमोज्यावरच्या सेन्सरवरून हाताचे इशारे ओळखून गाडी चालवणारं मॉडेल लॅपटॉपवर ९८ टक्के अचूक, आणि प्रदर्शनाच्या दिवशी गाडी सरळ टेबलाच्या पायात. माझी गाडी अशी गेली, म्हणून ही यादी.

सामानाबद्दल फार बोलत नाही. ईएसपी३२ दोन, एमपीयू६०५० सेन्सर, मोटर ड्रायव्हर, दोन चाकांची चेसिस, हे सगळ्यांना माहीत आहे. हातमोजा सुती आणि घट्ट घ्या, लोकरीचा सैल नको. सेन्सर शिवून टाका. चिकटपट्टी घामाने सुटते.

सेन्सरची रेंज ±४g ठेवा. मुळात ती ±२g असते आणि हात झटकला की आकडे वरच्या टोकाला जाऊन थांबतात. रेंज बदलली की कच्च्या आकड्यांवरून g काढायचा भागाकारही १६३८४ ऐवजी ८१९२ ने. सेकंदाला ५० नोंदी पुरतात. खिडकी, म्हणजे मॉडेल एका वेळी बघतं तो नोंदींचा तुकडा, २५ नोंदींची, म्हणजे अर्ध्या सेकंदाची ठेवा. एक सेकंदाची घेतलीत तर हात वळवल्यावर गाडी हातभर पुढे जाऊन मग वळते.

आता मी जे विसरलो ते. डेटा गोळा करताना हातमोजा काढा आणि पुन्हा घाला. मी एका रविवारी हातमोजा चढवला, पाचही इशाऱ्यांची रेकॉर्डिंग एका बैठकीत उरकली आणि तो काढला तो थेट जेवायला. प्रदर्शनात पुन्हा घातला तेव्हा सेन्सर हातावर सपाटच, पण जेमतेम वीस अंश फिरलेला होता. डोळ्यांना ते कळतही नव्हतं.

वीस अंशांनी काय होतं ते बघा. हात स्थिर असला की सेन्सरला फक्त गुरुत्वाकर्षण दिसतं, एकूण १g. बोटं ४० अंश खाली झुकवली की x अक्षावर ०.६४g येतात आणि y जवळपास शून्य. सेन्सर वीस अंश फिरला असेल तर त्याच झुकावाला x वर ०.६० आणि y वर ०.२२ येतात. माझ्या डिसिजन ट्रीने y वर ०.२ च्या आसपास रेघ मारून ठेवली होती, कारण सरावात पुढे झुकवताना y कधी ०.१ च्या वर गेलाच नव्हता. त्यामुळे 'पुढे' म्हटलं की गाडी डावीकडे. मॉडेलची चूक नव्हती, त्याला दुसरं काही दाखवलंच नव्हतं.

म्हणून निदान सहा बैठका. प्रत्येक बैठकीत प्रत्येक इशारा २० सेकंद, मग हातमोजा पूर्ण काढा, चहा घ्या, पुन्हा घाला. नुसता सैल करून घट्ट करणं म्हणजे काढणं नव्हे. एक-दोन बैठका दुसऱ्या कुणाच्या हातावर करा. मी भाच्याला बसवलं, त्याचा हात लहान आणि सेन्सर अंगठ्याकडे कलतो. फाइलच्या नावात बैठकीचा क्रमांक टाका, नंतर आठवत नाही.

तपासणीही बैठकीनुसारच. खिडक्या एकमेकींवर अर्ध्या चढवलेल्या असल्या की शेजारच्या दोन खिडक्यांत निम्म्या नोंदी त्याच असतात. त्या पत्त्यांसारख्या पिसून वाटल्या की परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला असतो, माझे ९८ टक्के तिथलेच. आळीपाळीने एकेक अख्खी बैठक बाजूला ठेवा:

```
from sklearn.model_selection import LeaveOneGroupOut, cross_val_score
cv = LeaveOneGroupOut()
cross_val_score(clf, X, y, groups=session, cv=cv)
```

हा आकडा खाली येईल. येऊ द्या. एखादी बैठक बाकीच्यांपेक्षा फारच पडली, तर त्या दिवशी सेन्सर कुठे सरकला होता ते बघा आणि तशा आणखी बैठका घ्या.

सुरुवातीला हात सपाट धरून दोन सेकंदांची शून्यजुळणी करा, असं काही जण सांगतात. करा, कललेला सेन्सर तिने सुधारतो. पण सपाट हातावर फिरलेला सेन्सर तिला कळत नाही, कारण गुरुत्वाकर्षण त्या फिरण्यात बदलतच नाही. तेव्हा शून्यजुळणी केली म्हणून हातमोजा काढायचा कंटाळा चालणार नाही.

'काहीच नाही' हा सहावा वर्गही हवा. डोकं खाजवणं, मोबाइल उचलणं, बोलताना हातवारे, हे सगळं त्यात, आणि तेही प्रत्येक बैठकीत.

बाकी भराभर. बोर्डावर तीच एककं, तीच खिडकी, वैशिष्ट्यांचा तोच क्रम. लागोपाठ तीन खिडक्यांचं एकमत झालं तरच हुकूम बदला, पण 'थांब' मात्र पहिल्याच खिडकीला माना. गाडीला ३०० मिलिसेकंद संदेश आला नाही तर मोटर बंद. मोटरची बॅटरी वेगळी, ग्राउंड एकच. बॅटऱ्या आदल्या रात्री चार्ज.

आणि निघण्याआधी, गाडी जमिनीवर ठेवण्याआधी, हातमोजा काढा, पुन्हा घाला आणि चालवून बघा.