छातीच्या एक्स-रेत खोटा डाग येऊ नये म्हणून काय करावं

"ताई, खरं सांगा, मला टीबी झालाय ना?" काउंटरच्या पलीकडे उभी असलेली बाई हातातलं पाकीट घट्ट धरून विचारत होती. नोकरीच्या मेडिकलसाठी आदल्या दिवशी तिचा छातीचा एक्स-रे काढला होता आणि तिला डाग आहे म्हणून परत बोलावलं होतं. तो एक्स-रे मीच काढला होता. परळमध्ये टेक्निशियन म्हणून माझं ते पहिलंच वर्ष. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावली, दोन क्षण बघितली आणि मला एकच विचारलं, "हिचे केस लांब आहेत का?"

होते. कमरेपर्यंतची, तेल लावून घट्ट घातलेली वेणी उजव्या खांद्यावरून पुढे आली होती आणि मी ती तशीच राहू दिली होती.

एक्स-रे हा खरं तर सावल्यांचा खेळ आहे. नळीतून निघालेले किरण प्लेटपर्यंत पोचताना वाटेत जे जे येईल, ते सगळं एकाच सपाट चित्रात उमटतं. पाठीवरची गाठ, छातीवरचं बटण आणि मधलं फुफ्फुस, सगळं एकावर एक. फुफ्फुसात हवा असते म्हणून ते काळं दिसतं, आणि त्या काळ्यावर वेणीसारखी मऊ गोष्टसुद्धा पांढुरकी उठून दिसते. त्यात ही वेणी आली होती नेमकी फुफ्फुसाच्या वरच्या टोकाशी. मोठ्या माणसांमध्ये टीबीचे डाग बहुतेक वेळा तिथेच शोधतात.

मग मॅडमना कसं कळलं? त्यांनी मला बोट ठेवून दाखवलं. डाग कॉलर बोनपाशी थांबत नव्हता, वर मानेच्या बाजूला तसाच चढत गेला होता. फुफ्फुसातला आजार सहसा फुफ्फुसाच्या हद्दीबाहेर जात नाही. शिवाय त्यात बारीक तिरप्या रेघा होत्या, पेडांसारख्या. सावलीची कड हद्द ओलांडते का, हे बघायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

आत जाण्याआधी

गळ्यातलं, कानातलं, केसांतलं सगळं काढा. सोन्याची साखळी स्वच्छ पांढरी दिसते, ती कोणीही ओळखतो. पण तिच्या आड दडलेलं दिसत नाही, हा तिचा खरा तोटा. फसवतात त्या कमी घट्ट वस्तू: ताईताची कापडी पुडी, काळ्या दोऱ्याची गाठ, प्लॅस्टिकचं बटण, टी-शर्टवरची जाड रबरी छपाई. ही पुसट, गोल सावली फुफ्फुसातली गाठ वाटू शकते. मंगळसूत्र काढायचं मन नसेल तर तसं सांगा. आम्ही ते वर घेऊन दातांत धरायला सांगतो, म्हणजे ते फुफ्फुसाच्या वर राहतं. केस डोक्यावर बांधा, नुसते मागे टाकू नका. पाठीवरची वेणीसुद्धा चित्रात येते.

साडी किंवा ओढणी असेल तर गाऊन मागून घ्या, संकोच करू नका. पदराच्या चार-पाच निऱ्या एकावर एक आल्या की कापडही सावली टाकतं, आणि जरीत धातू असला तर पट्टाच उमटतो. गाऊनलाही पाठीमागे चुण्या पडतात. त्या हाताने सरळ करून घ्या.

वयस्कर, कातडी सैल झालेल्या माणसाचा एक्स-रे पलंगावर पाठीमागे प्लेट सरकवून काढतात, तेव्हा कातडीचीच घडी पडते. ती घडी फुफ्फुस फाटून हवा बाहेर आल्यासारखी दिसू शकते. फरक असा, की खरंच हवा साठली असेल तर बारीक पांढरी रेघ दिसते आणि तिच्यापलीकडे रक्तवाहिन्यांच्या खुणा नसतात. घडी असेल तर त्या खुणा पलीकडेही दिसतात, आणि कड कधीकधी छातीच्या बाहेरपर्यंत जाते. घरच्या आजोबांजवळ तुम्ही उभे असाल तर प्लेट सरकवल्यावर पाठीची कातडी आणि चादर सपाट करायला मदत करा.

गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल, तर हे सगळं सुरू होण्याआधीच सांगा.

प्लेटसमोर उभं राहताना

छाती प्लेटला टेकवा, हनुवटी वर, हात कमरेवर आणि कोपरं पुढे. कोपरं पुढे का? कारण त्यामुळे खवाट्याची हाडं फुफ्फुसावरून बाजूला सरकतात. नाहीतर त्यांची कड फुफ्फुसात उभ्या पट्ट्यासारखी दिसते. दोन्ही खांदे सारखे टेकले पाहिजेत. शरीर थोडं जरी वळलं, तरी एक बाजू जास्त काळी, दुसरी जास्त पांढरी दिसते आणि हृदय सरकल्यासारखं वाटतं. फिल्म हातात आली की तुम्हीही तपासू शकता: कॉलर बोनची आतली दोन्ही टोकं मणक्याच्या मधल्या रेषेपासून सारख्या अंतरावर हवीत.

श्वासाचं मात्र घाईत बिघडतं. लोकलमधून उतरून धापा टाकत आलेल्या माणसाला "श्वास घ्या, धरा" म्हटलं की तो अर्धाच घेतो. अर्ध्या श्वासात फुफ्फुसाचा खालचा भाग दाटतो, न्यूमोनियासारखा पांढुरका दिसतो आणि हृदय फुगल्यासारखं वाटतं. म्हणून दोन मिनिटं बसा. मग एकदा श्वास पूर्ण सोडून दुसरा पोटभर घ्या आणि तो धरा. नीट काढलेल्या फिल्ममध्ये श्वासपटलाच्या वर मागच्या बाजूच्या 9 ते 10 बरगड्या मोजता येतात. 7 च दिसत असतील, तर खालच्या पांढुरकेपणाबद्दल निष्कर्ष काढण्याआधी डॉक्टरांना विचारा की फिल्म पुन्हा काढायला हवी का.

जो डाग जात नाही

त्या बाईची वेणी डोक्यावर बांधून मी फिल्म पुन्हा काढली. वरचा डाग गेला. पण डाव्या बाजूला, सातव्या बरगडीपाशी, शेंगदाण्याएवढा एक ठिपका दोन्ही फिल्ममध्ये तसाच होता. वेणीच्या गडबडीत त्याच्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

मॅडमनी तिला जरा तिरकं उभं करून आणखी एक फिल्म काढायला सांगितली. तिरक्या फिल्ममध्ये ठिपका बरगडीबरोबर सरकला, तिला सोडून फुफ्फुसात गेला नाही. मग तिला विचारलं, "कधी पडला होतात?" ती आधी नाही म्हणाली. थोड्या वेळाने आठवलं: चाळीच्या जिन्यावरून पाण्याचा हंडा घेऊन घसरली होती, महिनाभर कुशीवर झोपता आलं नव्हतं. एक्स-रेही काढला होता. मोडलेलं हाड जुळताना त्या जागी नवीन हाडाची गाठ तयार होते आणि ती वर्षानुवर्षं राहते. दुखणं विसरलं जातं, गाठ फिल्मवर दिसत राहते.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने जुनी फिल्म आणली, गादीखाली ठेवून थोडी दुमडलेली. त्यात बरगडीला चीर होती, नेमकी त्याच जागी.

म्हणून जुन्या फिल्म टाकू नका, रिपोर्टसकट आणा. डिजिटल असेल तर सीडी आणा. मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो बारीक ठिपक्यासाठी पुरत नाही. पडणं, अपघात, छातीचं ऑपरेशन, पूर्वी टीबीचे उपचार घेतले असतील तर ते, वर्षासकट चिठ्ठीवर लिहून द्या. बऱ्या झालेल्या टीबीचा व्रणही कायम दिसतो. तो जुना की पुन्हा चेतलेला, हे एका फिल्मवरून ठरवता येत नाही. त्यासाठी थुंकीची तपासणी लागते. आणि जुन्या फिल्मशी तुलना करून डाग वाढलेला दिसला, किंवा जुनी फिल्मच नसली, तर डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात. तो टाळू नका.

त्या बाईच्या नव्या रिपोर्टवर मॅडमनी लिहिलं: फुफ्फुसं स्वच्छ, डाव्या सातव्या बरगडीचं जुनं जुळलेलं फ्रॅक्चर. ती रिपोर्ट घेऊन गेली आणि मी एक्स-रेच्या खोलीच्या दाराशी रबरबँडची डबी ठेवली. ती अजून तिथे आहे.